स्नॅपसीडमध्ये बॅकग्राउंड बदलताना चेहरा पण बदलतोय? हळदीच्या फोटोवर करून बघू

लग्नसराई आली की हा प्रश्न हमखास येतो. फोटो छान आलाय पण मागचं बॅकग्राउंड डोळ्यात घुसतंय, ते थोडं डार्क करायचं किंवा रंग कमी करायचाय, म्हणून स्नॅपसीड या फोटो एडिटिंग अ‍ॅपमधलं Selective लावलं तर नवरीचा चेहरा पण काळवंडला. मग Brush ने केलं तर डोक्याभोवती पांढरट कड राहिली, जसं काही कात्रीने कापून चिकटवलंय. दोन्ही प्रॉब्लेम वेगळे आहेत, त्यांची कारणं वेगळी आहेत आणि उपाय पण वेगळे, पण लोक दोन्हीला एकच नाव देतात, "बॅकग्राउंड वेगळं होत नाहीये". त्यामुळे चुकीचा उपाय चुकीच्या जागी लावला जातो आणि शेवटी अ‍ॅपच बेकार आहे असं म्हणून सोडून देतात. अ‍ॅप बेकार नाहीये, फक्त ही दोन टूल्स आतून कशी चालतात ते माहीत पाहिजे.

उदाहरण म्हणून मुद्दाम सगळ्यात अवघड फोटो घेतलाय, हळदीचा. मावसबहिणीच्या हळदीत दुपारी मांडवात काढलेला फोटो. मागे पिवळं कापड ताणलेलं, दोन्ही बाजूला झेंडूच्या माळा, नवरीची साडी पिवळी आणि गालावर, हातावर ओली हळद. म्हणजे मागे पण पिवळं आणि पुढे पण पिवळं. कापडावर उजेड इतका आहे की नजर आधी कापडावर जाते, मग चेहऱ्यावर. आपल्याला हवंय ते एवढंच, कापड आणि माळा थोड्या मागे सरकल्या पाहिजेत, थोडा कमी उजेड, थोडा कमी रंग, आणि नवरीला अजिबात हात लागता कामा नये.

आता आधी Selective का फसतं ते. स्नॅपसीडमध्ये फोटो उघडा, Tools मध्ये Selective घ्या, आणि डोक्याच्या उजवीकडे कापडावर टॅप करा. एक गोल पॉइंट येतो, त्यात B लिहिलेलं असतं म्हणजे ब्राइटनेस. लोकांना वाटतं की हा पॉइंट म्हणजे एक गोल आहे आणि त्या गोलातलं सगळं बदलणार. तसं नाहीये. पॉइंट जिथे ठेवला तिथला रंग आणि उजेड अ‍ॅप वाचतं, आणि मग गोलाच्या आत त्याच्याशी जे जे मिळतंजुळतं आहे तेवढ्यावरच काम करतं. हे डोळ्याने बघता येतं, दोन बोटं स्क्रीनवर ठेवून चिमटीसारखी जवळ-लांब करा, गोल लहानमोठा होतो आणि तेवढा वेळ लाल रंग दिसतो. जिथे लाल तिथे परिणाम होणार, जितका गडद लाल तितका जास्त. आपल्या फोटोत गोल मोठा केला की लाल रंग कापडावरून सरळ गालावर आणि पदरावर चढतो, पण काळ्या केसांवर जवळजवळ येत नाही. का, तर हळद लागलेला गाल आणि पिवळं कापड अ‍ॅपच्या हिशोबाने एकाच घरातले, केस वेगळे.

हीच तुमची पहिली तपासणी. ब्राइटनेस वगैरे काहीही बदलायच्या आधी चिमटी करून लाल बघा. लाल चेहऱ्यावर चढत नसेल, समजा मागे हिरवी झाडं आहेत किंवा निळं आकाश आहे, तर Selective एकटंच पुरेसं आहे आणि पुढचं अर्धं वाचायची पण गरज नाही. बॅकग्राउंडवर तीन-चार पॉइंट टाका, वरखाली बोट फिरवून ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन, स्ट्रक्चर यातलं हवं ते निवडा, आडवं बोट फिरवून कमीजास्त करा, झालं. लाल चेहऱ्यावर चढत असेल तर मात्र थांबा, कारण आता ब्राइटनेस कितीही जपून हलवलं तरी चेहरा सोबत जाणारच.

चढत असेल तर Selective मध्येच दोन गोष्टी करून बघता येतात. एक म्हणजे एक मोठा गोल न टाकता छोटे छोटे गोल टाका, चेहऱ्यापर्यंत न पोचणारे. एका वेळी जास्तीत जास्त 8 पॉइंट टाकता येतात. प्रत्येक पॉइंटला पुन्हा आकडे सेट करत बसू नका, एक पॉइंट Copy करून दुसऱ्या रिकाम्या जागी Paste करता येतो. दुसरी गोष्ट जास्त कामाची आहे आणि फारच थोडे लोक वापरतात. नवरीच्या गालावर एक पॉइंट टाका आणि त्याचे सगळे आकडे 0 च ठेवा. काहीच बदलायचं नाही. हा पॉइंट राखणदारासारखा काम करतो, या रंगाला या जागी हात लावू नको असं अ‍ॅपला सांगतो, आणि कापडाच्या पॉइंटचा परिणाम गालावरून बराच मागे हटतो. एक गालावर, एक पदरावर, एक हातावर. म्हणजे 8 मधले 3 राखणीला गेले, 5 कापडाला उरले. साध्या फोटोला एवढं पुरतं.

आपल्या फोटोत मी कापडाच्या पॉइंटला ब्राइटनेस -30, सॅच्युरेशन -35 आणि स्ट्रक्चर -20 ठेवलं. स्ट्रक्चर कमी केलं की कापडाच्या सुरकुत्या आणि माळांमधली फुलं जरा मऊ होतात, त्यामुळे बॅकग्राउंड मागे गेल्यासारखं वाटतं, आणि हे ब्राइटनेस खूप कमी करण्यापेक्षा कितीतरी नैसर्गिक दिसतं. राखणीचे पॉइंट टाकल्यावर चेहरा बऱ्यापैकी सुटला, पण डाव्या गालाची कड, जिथे हळद जाड लागलीये आणि मागे लगेच कापड आहे, तिथे रंग थोडा उडालाच. राखेसारखा करडा पट्टा दिसायला लागला. हे या टूलचं टोक आहे, रंग पूर्ण एकसारखे आणि एकमेकाला चिकटलेले असतील तर कितीही पॉइंट टाका, अ‍ॅपला सीमा कळत नाही, कारण ते आकार ओळखत नाहीये, रंग ओळखतंय. इथून पुढे हाताने रंगवण्याला पर्याय नाही.

हाताने म्हटलं की सगळे थेट Tools मधल्या Brush कडे जातात. तिथे Dodge & Burn, Exposure, Temperature, Saturation असे चार प्रकार आहेत, आणि अख्खं बॅकग्राउंड बोटाने घासत बसायचं. फोटोत 70 टक्के जागा बॅकग्राउंडचीच असते, एवढं सगळं बोटाने एकसारखं भरत नाही, कुठेतरी डाग राहतात, आणि मग कापडावर ढगाळ चट्टे दिसतात. Brush वाईट नाहीये, त्याचं काम शेवटी आहे, ते खाली सांगतो. मोठ्या जागेसाठी उलटा रस्ता धरायचा. आधी अख्ख्या फोटोला इफेक्ट लावायचा आणि मग माणसावरून तो पुसायचा. माणूस फोटोत कमी जागा घेतो त्यामुळे काम पण कमी आणि बॅकग्राउंड पण एकसारखं राहतं.

तर Selective रद्द करा, मूळ फोटोवर या. Tools मध्ये Tune Image घ्या. इथे फक्त कापडाकडे बघून आकडे ठेवायचे, चेहरा कितीही भयानक दिसू दे, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, ही सवय लावून घ्यावी लागते कारण डोळा सारखा चेहऱ्याकडेच जातो. मी Brightness -25, Saturation -30, Highlights -20 ठेवलं आणि टिक केलं. आता वरच्या बाजूला थरांचं आणि बाणाचं एक चिन्ह असतं, त्यावर टॅप केलं की Undo, Redo वगैरे येतं आणि त्यातच View edits असतं. (आयफोनवर 2025 च्या जूनमध्ये 3.0 व्हर्जन आलं त्यात स्क्रीनची मांडणी बदललीये, बटणं इकडेतिकडे दिसतील, मी अँड्रॉइडवरची जुनी मांडणी धरून सांगतोय.) View edits उघडल्यावर खाली कोपऱ्यात तुम्ही केलेल्या एडिट्सची यादी दिसते. त्यातल्या Tune Image वर टॅप करा, शेजारी बारीक मेनू उघडतो, त्यात मधलं ब्रशचं चिन्ह आहे ते घ्या.

इथे बरेच जण घाबरतात, कारण ब्रशचं चिन्ह दाबल्याबरोबर फोटो एकदम मूळसारखा दिसतो आणि वाटतं की सगळं एडिट गेलं. गेलेलं नाहीये. मास्क, म्हणजे इफेक्ट कुठे दिसायचा ते ठरवणारा थर, रिकामा असतो म्हणून इफेक्ट लपलाय, तुम्ही जिथे रंगवाल तिथे तो दिसणार. आपल्याला उलटं पाहिजे, म्हणून खाली मास्क उलटा करायचं बटण आहे ते दाबा, इफेक्ट अख्ख्या फोटोवर परत येतो. आता खाली Tune Image च्या शेजारी 100 लिहिलेलं दिसेल, बाणाने ते 0 वर आणा. 0 म्हणजे पुसणारा ब्रश. यात 0, 25, 50, 75, 100 अशा पायऱ्या आहेत. आणि डोळ्याचं चिन्ह चालू करा, म्हणजे इफेक्ट कुठे आहे ते लाल दिसतं. नवरीवर बोट फिरवाल तसं लाल निघत जाईल.

आता कडेच्या पांढऱ्या पट्ट्याचं कारण. इथे ब्रशचा साइज बदलायला स्लायडर नाही. बोटाखालचा ब्रश स्क्रीनवर तेवढाच राहतो, तुम्ही फोटो झूम करता म्हणून तो फोटोच्या हिशोबाने बारीक होतो. ब्रशची कड पण मऊ असते, धारदार नाही. म्हणजे झूम न करता तुम्ही खांद्याच्या कडेवरून बोट फिरवलं तर ब्रश खांद्याबाहेर कापडावर पण पुसतो, आणि तिथलं कापड मूळ उजेडाचं राहतं, बाकी कापड डार्क. तोच तो चकाकणारा पट्टा. लोक तो घालवायला आणखी इफेक्ट वाढवतात, त्याने पट्टा आणखी उठून दिसतो. उपाय झूमचा आहे, आकड्यांचा नाही.

मी असं करतो. आधी झूम न करता किंवा अगदी थोडा झूम करून नवरीच्या आतला भाग पुसून घेतो, चेहऱ्याचा मधला भाग, धड, साडी, कडेपासून बोटभर आत राहून. हे अर्ध्या मिनिटात होतं. मग भरपूर झूम, इतका की फक्त एक खांदा स्क्रीनवर मावेल, आणि कडेने हळूहळू आतून बाहेर सरकत जायचं. झूम असताना एक बोट रंगवतं, त्यामुळे फोटो सरकवायला दोन बोटं वापरा किंवा कोपऱ्यात जो छोटा चौकोन दिसतो तो ओढा. बाहेर कापडावर गेलं तर Undo शोधायची गरज नाही, आकडा 100 करा आणि तेवढा कापडाचा तुकडा परत रंगवून टाका, इफेक्ट परत येतो. 0 आणि 100 मध्ये असं जात-येत राहायचं, कड तशीच बनते. एका फटक्यात कुणाचीच बरोबर येत नाही.

डाव्या गालाची ती अडचणीची कड, जिथे Selective हरलं होतं, तिथे आता रंगाचा प्रश्नच नाही कारण मास्क रंग बघत नाही, तुमचं बोट बघतो. पण डोळ्यांना सीमा दिसत नसेल, पिवळ्यावर पिवळं, तर डोळ्याचं चिन्ह बंद करा. लाल पडद्याखाली बारीक सीमा हरवते. लाल बंद केल्यावर कापड डार्क आणि गाल उजळ असा फरक दिसतो आणि त्यावरून बोट कुठे फिरवायचं ते कळतं. लाल चालू आतला भाग भरताना, लाल बंद कड काढताना, असं ठेवा.

केसांचं वेगळं. हळदीत केस मोकळे, बटा उडालेल्या, एकेक केस पुसणं शक्य नाही आणि करू पण नका. केसांचा गच्च भाग 0 ने पुसा आणि जिथून बटा सुटतात त्या पट्ट्यावर आकडा 50 करून एकदा फिरवा. म्हणजे तिथे इफेक्ट अर्धा राहतो आणि डार्क कापडाकडून केसांकडे जाताना एकदम उडी दिसत नाही. केस काळेच असल्यामुळे ते थोडे आणखी डार्क झाले तरी कुणाला कळत नाही, पण केसांभोवती उजळ कापड राहिलं तर लगेच कळतं. म्हणून शंका असेल तिथे केसांवर इफेक्ट राहू दे, कापडावरचा काढू नका. त्वचेच्या बाबतीत बरोबर उलटं, खांद्यावर, गालावर, हाताच्या बोटांवर इफेक्ट राहिला तर त्वचा मळकट दिसते, तिथे काटेकोर राहा. हाताच्या बोटांमधल्या फटी, कोपर आणि कमरेमधली मोकळी जागा, कानातल्याच्या आतली जागा, इथून कापड दिसत असतं आणि ते पुसलं जातं. झूम करून या जागा 100 ने परत भरा. बहुतेक एडिट्स पकडले जातात ते याच छोट्या खिडक्यांमुळे.

टिक करून बाहेर आलात की मुख्य स्क्रीनवर फोटोवर बोट दाबून धरा, मूळ फोटो दिसतो, सोडलं की एडिट. असं दोन-तीनदा करताना फक्त चेहऱ्याकडे बघा. चेहरा जराही हलल्यासारखा, रंग बदलल्यासारखा वाटला तर मास्कमध्ये कुठेतरी लाल राहिलंय. View edits मधून परत त्याच ब्रशच्या चिन्हावर जा, तुमचा मास्क तिथेच असतो, दुरुस्त करता येतो. Tune Image चे आकडे पण याच यादीतून नंतर बदलता येतात आणि मास्क तसाच राहतो, म्हणून पहिल्यांदा आकडे अगदी अचूक नसले तरी चालतं. फक्त यादीतून Tune Image डिलीट केलं तर मास्क पण त्याच्याबरोबर गेला.

आता Brush ची वेळ. अख्खं कापड एकसारखं खाली गेलं पण उजव्या वरच्या कोपऱ्यात मांडवाच्या फटीतून ऊन पडलंय, तेवढा डाग अजून चमकतोय. असल्या छोट्या, सुट्या जागांना Brush बरोबर. Exposure घ्या, -0.3 वर ठेवा आणि तेवढ्याच डागावर फिरवा. कमी वाटलं तर -0.7. माळेतला एखादा झेंडू फारच भडक असेल तर Saturation -5. चुकलं तर आकडा 0 वर आणा, तिथे Eraser लिहून येतं, पुसून टाका. इथे पण साइज झूमनेच बदलतो.

पण त्या उन्हाच्या डागाबद्दल एक गोष्ट आधी तपासा. झूम करून बघा, डागात कापडाचे धागे, विणकाम काही दिसतंय का. दिसत असेल तर Exposure ने तो खाली येईल. पूर्ण पांढराफटक असेल, आत काहीच तपशील नसेल, तर तिथे कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नाहीये, डार्क केलं की पिवळं कापड परत येणार नाही, करडा ठिपका येईल, जो पांढऱ्यापेक्षा वाईट दिसतो. अशा वेळी तो कोपरा क्रॉप करणं हाच बरा मार्ग.

तसंच, साध्या भिंतीचं किंवा आकाशाचं बॅकग्राउंड खूप खाली ओढलं, Tune Image मध्ये -60, -70 वगैरे, की सपाट रंगात पट्टे पट्टे दिसायला लागतात आणि कण उठतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या फोटोत हे जास्तच होतं, कारण तो आधीच दाबून बारीक झालेला असतो आणि केसांच्या कडेने चौकोनी ठोकळे असतात, मग मास्क कितीही छान काढा, कड घाणच दिसते. हा फोटो मी बहिणीच्या मैत्रिणीकडून व्हॉट्सअ‍ॅपवरच पण डॉक्युमेंट म्हणून मागवला होता, तसा पाठवला की मूळ फाइल जशीच्या तशी येते. नेहमी हेच मागा, समोरचा कुरकुर करेल पण मागा.

बॅकग्राउंड ब्लर करायचं असेल तरी हाच रस्ता चालतो. Lens Blur मध्ये फक्त गोल किंवा सरळ पट्टी मिळते, माणसाच्या आकाराची नाही, त्यामुळे कान आणि खांदे पण धूसर होतात. लावून टाका, टिक करा, मग View edits मध्ये त्याच्यावर मास्क उलटा करून माणूस 0 ने पुसा. फरक एवढाच की ब्लर कडेवर आणखी कडक परीक्षा घेतो, माणसाचा रंग मागच्या भागात सांडलेला असतो आणि डोक्याभोवती केसांच्या रंगाची धूसर सावली दिसते. ती पूर्ण जात नाही, ब्लर कमी ठेवला तर लपते.

आणि सेव्ह करण्याआधी सगळं नक्की झालंय का बघून घ्या. एक्सपोर्ट केलेली कॉपी नंतर परत उघडली तर तिच्यात View edits ची जुनी यादी नसते, मास्क चिकटून फोटोचाच भाग झालेला असतो, म्हणजे कानाजवळचा एक छोटा पट्टा राहिला तरी सगळं पहिल्यापासून करावं लागतं. मी एक्सपोर्ट करायच्या आधी फोनचा ब्राइटनेस पूर्ण वाढवून एकदा बघतो आणि मग एकदम कमी करून. पूर्ण उजेडात त्वचेवर राहिलेला मळकटपणा दिसतो, कमी उजेडात कडेचे उजळ पट्टे.